ग्रासहॉपरमध्ये दर्शनी भिंतीची जाळी : चार आकड्यांची यादी आणि सरकत्या ओळी

ठिपक्यांची रांगोळी काढणारी व्यक्ती आधी ठिपके मांडते आणि मग कोणता ठिपका कोणाला जोडायचा ते ठरवते. राईनो या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरमध्ये दर्शनी भिंतीची जाळी काढताना काम याच क्रमाने होते. मात्र इथे आकृती ठिपक्यांमध्ये नसते, ती आकड्यांच्या एका छोट्या यादीत असते. ती यादी ओळीओळीने ठिपक्यांवर कशी बसवायची, हा या लेखाचा विषय आहे. बहुतेक नवशिक्यांची जाळी याच टप्प्यावर चुकते, आणि गंमत अशी की चुकूनही ती सुंदर दिसू शकते. माझी पहिली जाळी अशीच चुकीची होती आणि ती सर्वांना आवडली होती. तो प्रसंग पुढे येईलच.

उदाहरण असे घेऊ. पश्चिमेकडच्या जिन्याच्या भिंतीसमोर धातूच्या पत्र्याचा पडदा उभा करायचा आहे. तो 10.8 मीटर रुंद आणि 7.2 मीटर उंच आहे. 600 मिलिमीटरच्या चौरस घरांत तो विभागला, की आडवी 18 आणि उभी 12, म्हणजे एकूण 216 घरे होतात. प्रत्येक घरात एक पत्रा आणि प्रत्येक पत्र्यात एकच गोल छिद्र, लहान, मध्यम किंवा मोठे. पत्रे कापणाऱ्याला तीनच प्रकार द्यायचे आहेत, कारण प्रत्येक पत्रा वेगळा असेल तर कापण्यापेक्षा प्रत्येकाला क्रमांक देणे आणि जागेवर तो शोधून लावणे हेच मोठे काम होऊन बसते.

पाया : एकके आणि स्लायडर

राईनोमध्ये नवी फाइल उघडताना मिलिमीटरचा साचा निवडावा. आधीच उघडलेली फाइल असेल तर `Units` ही आज्ञा देऊन एकक तपासावे. ग्रासहॉपरला स्वतःचे एकक नसते, त्याच्या लेखी 600 हा केवळ आकडा असतो. त्यामुळे मीटरच्या फाइलमध्ये हीच मांडणी उघडली तर जाळी दहा किलोमीटरहून अधिक रुंद होते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. एकक ठरले की `Grasshopper` ही आज्ञा देऊन कॅनव्हास उघडावा.

स्लायडर तयार करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॅनव्हासच्या मोकळ्या जागी डबल क्लिक करून किमान, सध्याची आणि कमाल किंमत एकाच ओळीत टंकणे. खालील चार ओळी एकेक करून टंकल्या की चार स्लायडर मिळतात.

```
4<18<30
4<12<20
300<600<1200
0<10<30
```

पहिला स्तंभांची संख्या, दुसरा ओळींची संख्या, तिसरा घराची बाजू आणि चौथा दोन पत्र्यांमधली फट ठरवतो. प्रत्येक स्लायडरवर राइट क्लिक करून त्याला लगेच नाव द्यावे. हा कंटाळा केला तर आठवड्याने फाइल उघडल्यावर 12 म्हणजे ओळी की फट, हे वायरचा माग काढत शोधावे लागते. आकड्यांमध्ये दशांश चिन्ह नसल्यामुळे हे चारही स्लायडर पूर्णांकांचे होतात, आणि संख्या मोजणाऱ्या स्लायडरसाठी तेच हवे असते.

ठिपके : ओळीओळीने

आता दोन `Series` कंपोनंट ठेवावेत. दोन्हींच्या `N` या इनपुटला घराच्या बाजूचा स्लायडर जोडावा. पहिल्याच्या `C` ला स्तंभांचा आणि दुसऱ्याच्या `C` ला ओळींचा स्लायडर जोडावा. सुरुवातीची किंमत `S` शून्यच राहू द्यावी. पहिल्यातून 0, 600, 1200 असे 18 आकडे निघतात आणि दुसऱ्यातून तसेच 12. मग `Construct Point` ठेवून पहिली मालिका `X` ला आणि दुसरी `Z` ला जोडावी. भिंत उभी असल्यामुळे `Y` मोकळा राहतो.

इतके केल्यावर जाळीऐवजी एक तिरकी रांग दिसते, आणि ती दिसलीच पाहिजे. ग्रासहॉपर दोन याद्या समोर आल्या की पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा असे जोड लावतो आणि आखूड यादी संपली की तिचा शेवटचा घटकच पुढे पुन्हा पुन्हा वापरतो. म्हणून पहिले 12 बिंदू जिन्यासारखे वर चढतात आणि उरलेले 6 सर्वांत वरच्या उंचीवर आडवे पसरतात. हे चित्र नीट लक्षात ठेवावे, कारण पुढे कुठेही जिन्यासारखी रांग दिसली की कारण बहुधा हेच असते.

उपाय एका क्लिकचा आहे. `Construct Point` च्या `Z` या अक्षरावर राइट क्लिक करून `Graft` निवडावे. त्यामुळे 12 उंच्यांपैकी प्रत्येक उंची स्वतंत्र फांदीवर, म्हणजे वेगळ्या उपयादीत जाते आणि प्रत्येक फांदीला 18 आडव्या अंतरांची पूर्ण यादी मिळते. आता 12 फांद्या आणि प्रत्येकीवर 18 बिंदू अशी रचना होते. भिंतीची एक आडवी ओळ म्हणजे एक फांदी, हे समीकरण शेवटपर्यंत टिकवायचे आहे. खात्री करण्यासाठी `Param Viewer` जोडून पाहावा. फांद्यांच्या नावांतले शून्य कमीजास्त दिसले तरी बिघडत नाही. फांद्या 12 आणि प्रत्येकीवर `N = 18` इतके जुळले पाहिजे.

बिंदूंवर पत्रे बसवण्यासाठी मध्ये `XZ Plane` ठेवावा आणि त्याचे आउटपुट `Rectangle` च्या `P` ला जोडावे. हा मधला टप्पा गाळून बिंदू थेट जोडले तर चूक दाखवली जात नाही, पण सर्व पत्रे फळीवरच्या ताटांसारखे आडवे पडतात, कारण नुसत्या बिंदूला ग्रासहॉपर जमिनीला समांतर प्रतल देतो. पत्र्याची बाजू म्हणून घराची बाजू वजा फट, म्हणजे `Subtraction` मधून आलेले 590, `X` आणि `Y` दोन्हींना द्यावे. `Rectangle` ला नुसता आकडा दिला की चौरस बिंदूच्या भोवती न बसता बिंदूपासून उजवीकडे आणि वर सरकतो, म्हणजे आपले बिंदू पत्र्याचे मध्य नसून डावे-खालचे कोपरे आहेत. म्हणून मध्य शोधायला `Rectangle` चे `R` हे आउटपुट `Area` ला जोडावे, त्याच्या `C` मधून मिळणारे मध्यबिंदू दुसऱ्या `XZ Plane` ला द्यावेत आणि ती प्रतले `Circle` च्या `P` ला जोडावीत. आता सर्व पत्र्यांवर सारखीच वर्तुळे दिसतात. त्यांच्या त्रिज्या अजून ठरवायच्या आहेत.

त्रिज्यांची यादी

त्रिज्या मिलिमीटरमध्ये देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. मोठे छिद्र 210 त्रिज्येचे, म्हणजे 420 व्यासाचे ठेवले आणि नंतर घराची बाजू 400 केली, तर छिद्र पत्र्याबाहेर जाते आणि त्या क्षणी ग्रासहॉपर काहीच बोलत नाही. त्यापेक्षा त्रिज्या बाजूच्या प्रमाणात द्याव्यात.

```
0.05<0.15<0.40
0.05<0.25<0.40
0.05<0.35<0.40
```

हे तीन स्लायडर `Merge` च्या `D1`, `D2`, `D3` ला याच क्रमाने जोडावेत आणि `Multiplication` ने घराच्या बाजूने गुणावेत. 600 च्या घराला 90, 150 आणि 210 अशा त्रिज्या मिळतात. एकाच इनपुटमध्ये तीन वायर कोंबूनही यादी होते, पण त्यात क्रम वायर जोडण्याच्या क्रमावर अवलंबून राहतो. एखादी वायर काढून परत लावली की लहान छिद्र मोठे होते आणि कारण दिसत नाही. `Merge` मध्ये क्रम डोळ्यांसमोर असतो.

या यादीत 90 चा क्रमांक 0, 150 चा 1 आणि 210 चा 2 आहे. ग्रासहॉपरमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, हे जाळीची यादी लिहिताना विसरू नये.

जाळीची यादी

एक `Panel` ठेवून त्यात चार आकडे, प्रत्येक स्वतंत्र ओळीवर, टंकावेत.

```
0
1
2
1
```

म्हणजे लहान, मध्यम, मोठे, मध्यम, आणि पुन्हा लहान. हे आकडे मिलिमीटर नाहीत, ते त्रिज्यांच्या यादीतले क्रमांक आहेत. त्रिज्या बदलली तरी जाळीचा ताल तोच राहतो आणि ताल बदलला तरी छिद्रांची मापे तीच राहतात. त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणूनच स्लायडर ओढण्यात अर्थ उरतो.

`Panel` वर राइट क्लिक करून `Multiline Data` ची खूण काढणे आवश्यक आहे. ती खूण असली तर चार ओळी चार घटक नसून एकच लांब मजकूर मानल्या जातात. खूण काढल्यावर प्रत्येक ओळीच्या डावीकडे क्रमांक दिसू लागतो. `Panel` च्या पुढे एक `Integer` पॅरामीटर ठेवावा, म्हणजे मजकुराचे आकडे पूर्णांक होतात. खूण काढायला विसरलो तर तोच पॅरामीटर मजकुराचा आकडा करता येत नाही अशी तक्रार करतो आणि चूक पुढे न जाता तिथेच सापडते.

चुकूनच सुंदर दिसलेली जाळी

आता चार आकड्यांची यादी 216 पत्र्यांवर पसरवायची आहे. यासाठी `Repeat Data` आहे. त्याच्या `D` ला यादी द्यायची आणि `L` ला हवी ती लांबी. साहजिकच मनात येते की स्तंभ गुणिले ओळी असा गुणाकार करून `L` ला 216 द्यावेत. मीही तेच केले होते. नंतर `List Item` च्या `L` ला त्रिज्यांची यादी आणि `i` ला ही 216 आकड्यांची यादी जोडून, निघालेल्या त्रिज्या `Circle` च्या `R` ला दिल्या.

पहिल्या प्रयत्नात भिंत जवळजवळ बरोबर दिसली, फक्त उजवीकडच्या शेवटच्या स्तंभात प्रत्येक पत्र्यावर तिन्ही मापांची वर्तुळे एकात एक दिसत होती. कारण पुन्हा यादींच्या जोडणीत होते. प्रतले 12 फांद्यांवर आणि त्रिज्या एकाच फांदीवर होत्या, म्हणून प्रत्येक ओळीच्या 18 प्रतलांना पूर्ण 216 त्रिज्या मिळाल्या. पहिल्या 17 प्रतलांना एकेक त्रिज्या गेली आणि उरलेल्या 199 त्रिज्या अठराव्या प्रतलावर साचल्या. भिंतीवर 216 ऐवजी 2,592 वर्तुळे होती. नजरेला मात्र उजव्या कडेचा थोडासा गोंधळ सोडला तर काही जाणवत नव्हते. म्हणून वर्तुळे झाल्यावर `List Length` जोडून संख्या बघण्याची सवय लावावी. प्रत्येक फांदीवर 18 दिसायला हवेत, 216 दिसले तर इथेच थांबावे.

मग मी `Circle` च्या `P` ला `Flatten` करून सर्व प्रतले एका फांदीवर आणली. आता 216 ला 216 बरोबर जुळले आणि भिंतीवर फार देखणी जाळी उमटली. मोठ्या छिद्रावर लहान, लहानावर मोठे, सोंगट्यांच्या पटासारखी. कार्यालयात ती सर्वांना पसंत पडली. दोन दिवसांनी भिंतीची रुंदी बदलली, मी स्तंभांचा स्लायडर 18 वरून 20 वर नेला आणि जाळीचे क्षणात उभे पट्टे झाले. एका स्तंभात वरपासून खालपर्यंत लहान छिद्रे, त्याच्या शेजारच्यात मध्यम. कोणतीही वायर तुटली नव्हती, कोणताही कंपोनंट लाल झाला नव्हता.

कारण समजून घेणे सोपे आहे. चार मण्यांची माळ एकसलग ओवली आणि ती दर 18 मण्यांनंतर दुमडून वरच्या ओळीत नेली असे समजावे. 18 मध्ये चार-चारचे चार संच बसतात आणि दोन मणी उरतात, म्हणून दुसरी ओळ यादीतल्या 2 क्रमांकाच्या घटकापासून, म्हणजे मोठ्या छिद्रापासून सुरू होते. तिसरी ओळ पुन्हा लहानापासून. सोंगट्यांच्या पटाचा भास या उरलेल्या दोन मण्यांमुळे होता. 20 ला चाराने भाग गेला की काहीच उरत नाही, प्रत्येक ओळ लहानापासून सुरू होते आणि पट्टे पडतात. 17 केले तर जाळी एका बाजूला तिरकी होते, 19 केले तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे जाळीचे रूप मी ठरवलेच नव्हते, ते भिंतीच्या रुंदीने परस्पर ठरवले होते.

दुरुस्ती : आधी सरकवणे, मग पुनरावृत्ती

ओळींमधले सरकणे योगायोगावर सोडायचे नसेल तर त्याला स्वतःचा स्लायडर द्यावा लागतो. `Circle` वरचा `Flatten` काढून टाकावा आणि `Repeat Data` च्या `L` ला जोडलेली स्तंभ गुणिले ओळी या गुणाकाराची वायरही काढावी. मग `0<1<3` टंकून नवा स्लायडर घ्यावा आणि त्याला ‘सरक’ असे नाव द्यावे.

तिसरा `Series` ठेवावा. त्याची सुरुवात शून्य, `N` ला सरक आणि `C` ला ओळींचा स्लायडर. सरक 1 असताना त्यातून 0, 1, 2 असे 11 पर्यंतचे आकडे निघतात, म्हणजे प्रत्येक ओळीने किती घरे सरकावे ते ठरते. आता `Shift List` घेऊन त्याच्या `L` ला `Integer` मधली चार आकड्यांची यादी आणि `S` ला ही मालिका जोडावी, आणि `S` वर `Graft` लावावे. `W` हे इनपुट मुळातच `True` असते, त्याला हात लावू नये. त्याच्यामुळे पुढून निघालेला घटक यादीच्या शेवटी जोडला जातो. आउटपुटला `Panel` जोडला तर 12 फांद्या दिसतात आणि पहिल्या चारांवर अशा याद्या असतात :

```
0 1 2 1
1 2 1 0
2 1 0 1
1 0 1 2
```

पाचव्या ओळीपासून हेच पुन्हा सुरू होते. आता या आउटपुटला `Repeat Data` च्या `D` मध्ये न्यावे आणि `L` ला फक्त स्तंभांचा स्लायडर जोडावा. 12 फांद्या आणि प्रत्येकीवर 18 क्रमांक तयार होतात. ते `List Item` च्या `i` ला दिले की त्रिज्याही 12 फांद्यांवर 18-18 येतात आणि प्रतलांशी फांदीला फांदी जुळतात. कुठेही `Flatten` लागत नाही.

सरकवणे आधी आणि पुनरावृत्ती नंतर, हा क्रम उलटा करू नये. आधी 18 पर्यंत पुनरावृत्ती करून मग सरकवले तर 18 घटकांच्या यादीचे टोक तिच्याच सुरुवातीला जोडले जाते, आणि 18 ला चाराने भाग जात नसल्यामुळे त्या सांध्यावर ताल तुटतो. दोन लहान छिद्रांच्या मध्ये जिथे मध्यम, मोठे, मध्यम हवे तिथे एकटे मध्यम येते. हा सांधा उजव्या कडेला, ओळीगणिक डावीकडे सरकत जातो. पडद्यावर लहान आकारात तो दिसत नाही, पण जवळून पाहिल्यावर डोळ्याला खुपतो. ज्यांच्या जाळीत उजव्या कडेपासून वर तिरकी जाणारी एक बारीक चूक दिसते, त्यांनी प्रथम या दोन कंपोनंटचा क्रम तपासावा.

आता स्तंभांचा स्लायडर कितीही ओढला तरी जाळीचा ताल बदलत नाही, फक्त भिंत रुंद होते. सरक 0 केला की उभे पट्टे, 1 केला की वर जाताना डावीकडे झुकणाऱ्या तिरप्या रेषा, 2 केला की तो जुना सोंगट्यांचा पट आणि 3 केला की उजवीकडे झुकणाऱ्या रेषा. चार घटकांच्या यादीला याहून वेगळे रूप नाही, म्हणूनच स्लायडर 3 वर थांबवला आहे.

तिरप्या रेषा नको असतील तर यादीच बदलावी लागते. माझी पसंती पाच घटकांच्या यादीला आहे, उदाहरणार्थ 0, 1, 1, 2, 1, आणि सरक 2. तेव्हा प्रत्येक मोठ्या छिद्रापासून वरच्या ओळीतले मोठे छिद्र दोन घरे डावीकडे पडते, म्हणजे बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या चालीवर. नजर ना उभ्या पट्ट्याला पकडू शकते ना तिरप्या रेषेला, आणि तरीही प्रकार तीनच राहतात. `Panel` मध्ये एक ओळ वाढवणे आणि सरकचा स्लायडर हलवणे, इतकेच काम आहे. त्याची कमाल किंमत 4 पर्यंत वाढवली तर पाच घटकांची सर्व रूपे पाहता येतात. पुढचे आकडे मात्र मूळच्या चार घटकांच्या यादीचे आणि सरक 1 चे आहेत.

पत्रे आणि त्यांची मोजणी

चौरस आणि वर्तुळ यांपासून छिद्र असलेला पत्रा करण्यासाठी `Rectangle` आणि `Circle` यांची आउटपुट एका नव्या `Merge` ला जोडावीत आणि त्या `Merge` च्या `D1` आणि `D2` दोन्हींवर `Graft` लावावे. त्यामुळे प्रत्येक पत्र्याची स्वतंत्र फांदी होते आणि तिच्यावर नेमक्या दोन वक्ररेषा असतात. हे `Boundary Surfaces` ला दिले की 216 पृष्ठभाग मिळतात, तेही ओळींच्या मूळ क्रमाने. हा कंपोनंट बाकीच्यांच्या मानाने जड आहे. स्लायडर ओढताना पडदा अडखळू लागला तर त्यावर राइट क्लिक करून `Enabled` ची खूण काढावी, मापे ठरवावीत आणि शेवटी परत लावावी.

पत्रे कापणाऱ्याला मात्र तीन संख्या हव्या असतात. `Repeat Data` मधून निघालेले क्रमांक `Equality` च्या `A` ला आणि 0 हा आकडा `B` ला द्यावा. वरच्या `=` या आउटपुटमधून प्रत्येक पत्र्यासाठी `True` किंवा `False` मिळते. `Cull Pattern` च्या `L` ला चौरस आणि `P` ला हे उत्तर जोडले की फक्त लहान छिद्रांचे पत्रे उरतात. त्याच्या आउटपुटवर `Flatten` लावून `List Length` जोडला की त्यांची संख्या मिळते. हीच जोडणी 1 आणि 2 साठी करावी. आपल्या भिंतीवर लहान 54, मध्यम 108 आणि मोठे 54 यायला हवेत. ओळी 12, म्हणजे चाराने भाग जाणाऱ्या असल्यामुळे प्रमाण इतके स्वच्छ येते. ओळी 13 केल्या की ते किंचित बिघडते, आणि तेव्हा अंदाज न करता `List Length` ने दाखवलेलीच संख्या मागणीपत्रात लिहावी.

याच ठिकाणी छिद्रांचे एकूण क्षेत्रफळही काढता येते. `Circle` ला दुसरा `Area` जोडून त्याचे `A` हे आउटपुट `Flatten` करून `Mass Addition` ला द्यावे. उत्तर सुमारे 1,64,90,000 चौरस मिलिमीटर येते, म्हणजे जवळपास 16.5 चौरस मीटर. 77.76 चौरस मीटरच्या भिंतीच्या ते 21 टक्क्यांहून थोडे अधिक आहे. जिन्यात उजेड आणि वारा किती हवा हे ठरलेले असेल तर तीन प्रमाणांचे स्लायडर हलवत हा आकडा गाठायचा. मधल्या छिद्राचा स्लायडर सर्वांत परिणामकारक ठरतो, कारण निम्मे पत्रे त्याच मापाचे आहेत. शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी मोठ्या छिद्राला हात लावण्यापेक्षा मी नेहमी मधले हलवतो, त्याने जाळीचा चेहरा फारसा बदलत नाही.

सर्व ठरल्यावर तीनही `Cull Pattern` वेगवेगळ्या लेयरवर `Bake` करता येतात, म्हणजे राईनोच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष वस्तू म्हणून उतरवता येतात. पण त्यांतून फक्त चौरस बाहेर येतील. छिद्रांसह पत्रे हवे असतील तर `Cull Pattern` च्या `L` ला चौरसांऐवजी `Boundary Surfaces` चे `S` हे आउटपुट जोडावे, आणि `L` तसेच `P` या दोन्हींवर `Flatten` लावावे, कारण पृष्ठभाग 216 फांद्यांवर आहेत आणि उत्तरे 12 वर. क्रम दोन्हींचा तोच असल्यामुळे जोडी बरोबर लागते, आणि या संपूर्ण मांडणीत `Flatten` खरोखर गरजेचा असणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. `Bake` झालेल्या वस्तू नंतर स्लायडरला जुमानत नाहीत. माप बदलले तर त्या लेयरवरचे जुने पत्रे आधी पुसावेत, नाहीतर नव्याखाली जुने तसेच राहतात आणि कापणाऱ्याकडे 54 ऐवजी 108 पत्र्यांची फाइल जाते.